कापसाचे ६७,४०० रुपये आणि बँकेला दिलेली नोटीस

शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४. वणी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या खात्यात कापसाचे पैसे येऊन चार दिवस झाले होते. ९ क्विंटल कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ७,५२१ रुपये भावाने गेला आणि ६७,६८९ रुपये जमा झाले. खात्यात आधीची शिल्लक नावालाच होती. त्या रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी २५,००० रुपये गेले. ९ वाजून ४७ मिनिटांनी २४,९०० गेले. शनिवारी पहाटे ६ वाजून ८ मिनिटांनी १७,५०० गेले. तिन्ही मिळून ६७,४००. तिन्ही वेळा मार्ग आयएमपीएसचा, म्हणजे दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याचा, आणि पैसे ज्या खात्यांत गेले त्यांची नावं त्या शेतकऱ्याने, म्हणजे काकांनी, कधी ऐकलेलीही नव्हती.

काका माझ्याकडे आले ते पासबुक, फोन आणि पुतण्याला घेऊन. पहिलंच वाक्य होतं, "वकीलसाहेब, मी तं ओटीपी कोनालेच सांगतला नाही जी. मले तं मोबाईलवर बँक चालवताच येत नाही."

तालुक्याच्या कोर्टात काम करताना अशी प्रकरणं आता दर महिन्याला येतात. बँकेला आधीच दिलेल्या नोटिसांच्या प्रतीही लोक दाखवतात. त्यातल्या बहुतेकांत दोन पानं संताप असतो, "घोर निष्काळजीपणा" आणि "फौजदारी कारवाई" हे शब्द चार-चारदा असतात. पण पैसे कधी गेले, कधी समजलं आणि बँकेला कधी कळवलं, या तीन वेळा कुठेच नसतात. बँकेची जबाबदारी ठरते ती मुख्यतः या वेळांवरून. म्हणून काकांचं प्रकरण पहिल्यापासून सांगतो. त्यातून नोटिशीत काय लिहायचं आणि का, ते उलगडेल.

पैसे गेले कसे

पुतण्याच्या व्हॉट्सअॅप गटात त्या आठवड्यात एक फाईल आली होती. "पीएम किसान नवीन यादी" असं तिचं नाव, शेवटी `.apk` ही अक्षरं. यादीत नाव आहे का ते बघायला काकांनी ती उघडली. फोनने विचारलं, हे अॅप बसवू का, मेसेज वाचायची परवानगी देऊ का. काकांनी "हो" दाबलं. यादी काही उघडली नाही, आणि ती गोष्ट तिथेच विसरली गेली.

अशा फाईलचं काम एकच असतं. फोनवर येणारे मेसेज ती गुपचूप दुसरीकडे पाठवते. मग चोर आपल्या फोनवर काकांच्या नावाने मोबाईल बँकिंग सुरू करतो आणि बँकेने पाठवलेला ओटीपी त्याला तिकडेच वाचायला मिळतो. काकांनी तोंडाने कुणाला काही सांगितलं नाही, हे खरंच होतं. पण फाईल त्यांनी उघडली, हेही खरं होतं. या दोन्ही गोष्टी पुढे नोटिशीत कशा मांडायच्या, ते खाली येईलच.

मेसेज वाजले तेव्हा काका झोपले होते. पुतण्याने साडेदहाला फोन पाहिला. १० वाजून ५२ मिनिटांनी त्याने काकांना शेजारी बसवून बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. बोलणं ११ मिनिटं चाललं, तक्रार क्रमांक मेसेजने आला. पलीकडून सांगितलं गेलं, "खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबवले आहेत." त्यानंतर त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. ही दोन्ही कामं त्याने झोप न घेता, त्याच रात्री केली. प्रकरण टिकलं ते या एका रात्रीमुळे.

आणि व्यवहार थांबवले असं सांगितल्यावर सात तासांनी, पहाटे, १७,५०० रुपये गेले.

नियम काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाने किती नुकसान सोसायचं, हे त्यात ठरवून दिलं आहे. ग्रामीण बँकांनाही ते लागू होतं, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी १४ डिसेंबरला तशाच आशयाचं वेगळं परिपत्रक निघालं. "आमची बँक छोटी आहे, आम्हाला ते लागू नाही" असं काऊंटरवर कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. रिझर्व्ह बँक असे नियम अधूनमधून सुधारते आणि नव्या रूपात एकत्र आणते, त्यामुळे नोटीस लिहायच्या दिवशी आपल्या बँकेच्या संकेतस्थळावरचं ग्राहक संरक्षण धोरण उघडून शब्द आणि आकडे ताडून घ्यावेत.

परिपत्रक तीन परिस्थिती वेगळ्या करतं.

चूक बँकेची असेल, म्हणजे तिच्या यंत्रणेतला दोष, हलगर्जीपणा किंवा आतल्या माणसाचा हात असेल, तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. त्याने कधी कळवलं याचाही प्रश्न येत नाही.

चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठल्या कडीत गडबड झाली, तर मात्र दिवस मोजले जातात. बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत तो सोसतो. साध्या बचत खात्याला ही मर्यादा १०,००० रुपये आहे आणि शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्याला ५,०००. सातच्या पुढे गेलं की बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं.

तिसरी परिस्थिती ग्राहकाच्या निष्काळजीपणाची. त्याने पिन, ओटीपी वगैरे दुसऱ्याला दिलं असेल तर नुकसान त्याचं. पण यालाही एक सीमा आहे, आणि बऱ्याच लोकांना नेमकी तीच माहीत नसते. बँकेला कळवल्याच्या क्षणापर्यंतच त्याचं नुकसान. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, ग्राहकाने आधी कितीही चूक केलेली असो.

आता काकांचे तीन व्यवहार पुन्हा पाहा. पहिले दोन कळवण्याआधीचे. तिसरा कळवल्यानंतरचा. फाईल उघडली, ओटीपी फुटला, सगळं मान्य केलं तरी १७,५०० रुपये बँकेने द्यायलाच हवेत. उरलेल्या ४९,९०० बाबत वाद होऊ शकतो. म्हणूनच नोटिशीत ६७,४०० ची एकच गोळाबेरीज रक्कम लिहू नये. दोन भाग वेगळे मांडले की पहिल्या भागावर बँकेला बोलायला जागाच उरत नाही.

दिवस मोजताना एक बारकावा आहे. मेसेज मिळाला तो दिवस धरायचा नाही, आणि ज्या शाखेत खातं आहे तिचेच कामाचे दिवस धरायचे. काका लेखी तक्रार घेऊन सोमवारी १६ तारखेला शाखेत गेले तेव्हा त्यांना म्हटलं गेलं, "तीन दिवस झाले, आता उशीर झाला." हिशेब चुकीचा होता. शनिवार १४ तारीख हा दुसरा शनिवार, शाखा बंद. रविवार बंद. म्हणजे सोमवार हाच पहिला कामकाजाचा दिवस. शिवाय शुक्रवारी रात्रीचा हेल्पलाइनचा फोन ही रीतसर सूचनाच होती. मुदतीचा प्रश्न त्या रात्रीच निकालात निघाला होता.

परिपत्रकातल्या आणखी दोन गोष्टी नोटिशीचा कणा आहेत. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि ती व्यवहाराच्या मूळ तारखेपासून जमा होती असं धरायचं असतं. बँकेच्या भाषेत याला शॅडो क्रेडिट म्हणतात. काकांच्या बाबतीत, नाताळची सुट्टी वगळून, हा दहावा दिवस होता शुक्रवार २७ डिसेंबर. चौकशी पूर्ण करून जबाबदारी ठरवायला बँकेला तक्रारीपासून ९० दिवस मिळतात, म्हणजे १३ मार्चपर्यंत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. "तुम्ही ओटीपी दिला नाही हे दाखवा" असं बँक म्हणू शकत नाही. दाखवायचं तिने आहे.

शाखेतला एक फॉर्म

सोमवारी शाखेत काकांसमोर एक छापील इंग्रजी फॉर्म ठेवला गेला. "तक्रार नोंदवायची ना, मग इथे सही करा." पुतण्याने तो वाचला म्हणून बरं झालं. खाली चौकटींची एक ओळ होती आणि त्यातल्या एका चौकटीत पेनाने आधीच खूण केलेली होती: ग्राहकाने ओटीपी किंवा पिन सांगितला. कर्मचाऱ्याचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. रोज अशा दहा तक्रारी भरताना हात सवयीने चालतो. पण त्या खुणेखाली काकांची सही झाली असती तर सिद्ध करण्याचं बँकेचं ओझं तिथेच उतरलं असतं.

पुतण्याने ती खूण खोडायला लावली आणि शेजारी मराठीत लिहिलं: "ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. व्यवहार माझे नाहीत." मग साध्या कागदावर वेगळा तक्रार अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. शाखा शिक्का द्यायला टाळाटाळ करत असेल तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोहोच पावतीसह पाठवावा आणि बँकेच्या तक्रार ईमेलवर त्याचा फोटोही टाकावा.

हा पहिला अर्ज काकांच्या स्वतःच्या सहीचा होता, वकिलाचा नव्हता. त्याचं कारण पुढच्या टप्प्यात आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार ग्राहकाने स्वतः करायची असते, वकिलामार्फत ती चालत नाही. आणि लोकपाल आधी हेच पाहतो की बँकेकडे लेखी तक्रार केली होती का. ग्राहकाची स्वतःची तक्रार आणि तिची पोच हातात असली की तो दरवाजा उघडा राहतो.

नोटीस कधी आणि का

२७ डिसेंबर उलटला, खात्यात काही जमा झालं नाही. ३० तारखेला आम्ही नोटीस पाठवली. मी मुद्दाम थांबलो होतो. दुसऱ्याच दिवशी पाठवलेल्या नोटिशीत एवढंच म्हणता येतं की पैसे गेले. दहा कामकाजाचे दिवस संपल्यावर म्हणता येतं की नियमाने जे करायचं होतं ते बँकेने केलं नाही, आणि ही सेवेतली त्रुटी कागदावर आली. मात्र थांबायचं ते नोटिशीपुरतं. बँकेला कळवणं आणि १९३० वरचा फोन यांत एक तासही घालवू नये.

ग्राहक आयोगात जाण्याआधी कायदेशीर नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायद्यात नाही. तरी मी देतो, कारण नोटीस बँकेला एक ठाम भूमिका लिहून द्यायला भाग पाडते आणि पुढची सगळी लढाई त्या उत्तरावर उभी राहते. स्टॅम्प पेपर लागत नाही. वकील नसेल तर ग्राहकाच्या सहीनेही ती चालते.

पाठवायची दोघांना: शाखा व्यवस्थापकाला आणि बँकेच्या मुख्यालयात तक्रारी हाताळणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला. त्याचा पत्ता संकेतस्थळावर आणि शाखेच्या फलकावर असतो. फक्त शाखेला पाठवलेली नोटीस बऱ्याचदा फाईलमध्ये पडून राहते. तिथल्या माणसाला पैसे परत करण्याचा अधिकारच नसतो.

काकांच्या नोटिशीचा गाभा असा होता.

"माझ्या पक्षकारांच्या आपल्या शाखेतील बचत खात्यातून दि. १३/१२/२०२४ रोजी रात्री ९.४२ वा. रु. २५,०००/- व रात्री ९.४७ वा. रु. २४,९००/-, तसेच दि. १४/१२/२०२४ रोजी पहाटे ६.०८ वा. रु. १७,५००/- अशा रकमा आयएमपीएसद्वारे वजा झाल्या. सदर व्यवहार माझ्या पक्षकारांनी केलेले नाहीत, त्यास संमती दिलेली नाही व ओटीपी, पिन वा पासवर्ड कोणासही सांगितलेला नाही. त्यांनी आपल्याकडे मोबाईल बँकिंग सेवेसाठी कधीही अर्ज केलेला नाही.

दि. १३/१२/२०२४ रोजी रात्री १०.५२ वा. आपल्या हेल्पलाइनवर सूचना देण्यात आली व तक्रार क्रमांक प्राप्त झाला. खात्याचे ऑनलाइन व्यवहार थांबविल्याचे त्यावेळी सांगण्यात आले. त्यानंतर सुमारे सात तासांनी झालेला रु. १७,५००/- चा व्यवहार ही सर्वस्वी आपली जबाबदारी आहे.

उर्वरित रु. ४९,९००/- बाबत सूचना त्याच दिवशी देण्यात आली असल्याने व माझ्या पक्षकारांनी कोणतीही गुप्त माहिती कोणास दिलेली नसल्याने, त्यांची जबाबदारी शून्य आहे. याविरुद्ध आपले म्हणणे असल्यास ते सिद्ध करण्याचा भार रिझर्व्ह बँकेच्या दि. ०६/०७/२०१७ च्या परिपत्रकानुसार आपणांवर आहे."

प्रत्येक व्यवहाराखाली त्याचा बारा अंकी संदर्भ क्रमांकही टाकला होता. मेसेजमध्ये किंवा खातेउताऱ्यात तो दिसतो. मेसेज उडाले असतील तर शाखेतून शिक्क्याचा उतारा काढून घ्यावा.

आणि त्या फाईलचं काय? मी तीही लिहिली. "यादी पाहण्यासाठी आलेली एक फाईल फोनवर उघडली गेली होती, तिचा व या व्यवहारांचा संबंध आहे किंवा कसे हे माझ्या पक्षकारांना माहीत नाही" असं एक वाक्य. पुतण्या अस्वस्थ झाला, म्हणाला हे कशाला सांगायचं. पण १९३० च्या तक्रारीत त्यानेच ती गोष्ट सांगितली होती. नोटिशीत लपवलं असतं आणि पोलिसांच्या कागदात निघालं असतं, तर काकांच्या खऱ्या शब्दांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. फाईल उघडणं आणि ओटीपी दुसऱ्याला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरकच आपली बाजू आहे.

नोटिशीत बँकेकडून काय मागायचं

पैसे मागणं सोपं आहे. नोंदी मागणं जास्त कामाचं. यात मी कधी काटकसर करत नाही.

काकांच्या नावाने मोबाईल बँकिंग कोणत्या तारखेला, कोणत्या फोनवर सुरू झालं आणि तेव्हा काकांना तसा वेगळा मेसेज गेला का? नवीन फोनवरून, नवीन खातेदाराला, त्याच रात्री ४९,९०० पाठवण्याची परवानगी बँकेच्या यंत्रणेने कशी दिली? नवा लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवायचं नवं खातं, जोडल्यावर सुरुवातीला रकमेवर मर्यादा ठेवण्याची पद्धत बँकेत आहे का, असेल तर इथे ती का चालली नाही? वर्षभरात ज्या खात्यातून फक्त काऊंटरवर पैसे काढले गेले, त्यात रात्री पावणेदहाला पाच मिनिटांच्या अंतराने दोन मोठे व्यवहार होतात, तेव्हा यंत्रणेला शंका यायला नको? रात्री १०.५२ च्या फोनचं ध्वनिमुद्रण कुठे आहे, आणि व्यवहार थांबवण्याची नोंद नेमकी किती वाजता झाली?

शेवटच्या प्रश्नाला जोडून एक वाक्य हवंच: "सदर संभाषणाचे ध्वनिमुद्रण व संबंधित सर्व संगणकीय नोंदी प्रकरण संपेपर्यंत जतन कराव्यात." अशी मुद्रणं कायमची ठेवली जात नाहीत. लेखी मागणी झाल्यावर ती पुसली गेली, तर उत्तर बँकेलाच द्यावं लागतं.

त्याखाली मागणी: १५ दिवसांत ६७,४०० रुपये मूळ तारखेपासून जमा करा, आणि शिल्लक कमी झाल्यामुळे लागलेले दंड परत करा. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे मी लिहीत नाही. अशा आकड्याने नोटिशीतल्या खऱ्या रकमेचं वजन कमी होतं.

बँकेचं उत्तर

१८ जानेवारीला उत्तर आलं. तिसऱ्या व्यवहाराचे १७,५०० बँकेने जमा केले होते, फार काही न बोलता. ४९,९०० बाबत मात्र ठरलेलं वाक्य होतं: व्यवहार ओटीपीची पडताळणी होऊन यशस्वी झाला असल्याने ग्राहकाचा निष्काळजीपणा दिसून येतो.

हे वाक्य तुम्हालाही मिळेल. त्यातली चूक नीट समजून घ्या. ओटीपी टाकला गेला एवढंच ते सांगतं. कोणी टाकला आणि तो त्याच्याकडे कसा गेला, हे सांगत नाही. बँकेला सिद्ध करायचं आहे ते दुसरं. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये याच परिपत्रकाच्या आधारे एका कंपनीचे ७६ लाख ९० हजारांच्या आसपासचे पैसे बँकेला परत करायला लावले. तिथे खात्याला नवे लाभार्थी जोडले गेले आणि खातेदाराला त्याचा पत्ताही नव्हता. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेचं एक अपील फेटाळलं. त्या ग्राहकाचे ९४,२०४ रुपये गेले होते. त्यानेही फसव्या फोनवरून सांगितलेलं एक अॅप उतरवून घेतलं होतं, आणि त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष धरलं होतं आणि ते कायम राहिलं.

तरी प्रत्येक वेळी पैसे मिळतातच असं मी कुणाला सांगत नाही. ग्राहकाने फोनवर ओटीपी वाचून दाखवला असेल आणि कॉलची नोंद सापडली, तर कळवण्याआधीची रक्कम जवळपास गेलीच समजा. तिथे नोटीस फक्त कळवल्यानंतरच्या रकमेसाठी लढते, आणि चोराच्या खात्यात गोठवलेले पैसे सायबर पोलिसांमार्फत, न्यायालयाच्या आदेशाने सोडवून घ्यावे लागतात.

पुढचं पाऊल

बँकेने नाकारलं, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. `cms.rbi.org.in` वर तक्रार भरायची, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे. उत्तर हाती आल्यावर वाट बघत बसू नका, मुदती असतात. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे बँकेचं मुख्यालय मुंबईत असलं तरी काकांना यवतमाळच्या पलीकडे जायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. दोन्ही ठिकाणी एकदम जाऊ नये, कारण प्रकरण आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. आधी लोकपाल, तिथे समाधान झालं नाही तर आयोग, हा क्रम बरा.

काकांनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लोकपालाकडे तक्रार भरली, पुतण्याने टंकलेली, सही काकांची. सोबत आवक शिक्क्याचा अर्ज, तक्रार क्रमांकाचा मेसेज, रात्री १०.५२ च्या कॉलचा स्क्रीनशॉट, १९३० ची पोच, आमची नोटीस आणि बँकेचं उत्तर. लोकपाल कार्यालयाने बँकेकडे नवीन फोनवर सेवा सुरू झाल्याची नोंद आणि त्या वेळचा मेसेज मागितला. मेसेज पाठवल्याचं बँकेला दाखवता आलं नाही. एप्रिलमध्ये बँकेने स्वतःहून तडजोडीची तयारी दाखवली आणि ४९,९०० रुपये जमा केले, १३ डिसेंबर ही मूळ तारीख धरून.

काका पासबुक भरून घेऊन आले तेव्हा मी ते ओळ-ओळ पाहिलं. रक्कम बरोबर होती. पण फेब्रुवारी आणि मार्चमध्ये किमान शिल्लक नसल्याचा दंड दोनदा कापलेला होता, आणि तो परत आलेला नव्हता. त्यासाठी शाखेला पाच ओळींचा आणखी एक अर्ज द्यावा लागला. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला काका या वेळी स्वतः विसरले नाहीत.